कार्बामाझेपिन सुरू झाल्यावरचे पहिले दोन महिने

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर कार्बामाझेपिनची चिठ्ठी घेऊन मुख्यतः दोन प्रकारची माणसं येतात. काहींना आकडी येते. काहींच्या गालात, जबड्यात अचानक विजेचा झटका बसावा तशी कळ उठते, तिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. या दुसऱ्या लोकांचे बऱ्याचदा एकदोन दात आधीच काढून झालेले असतात, कारण कळ दाढेतूनच येतेय असं वाटतं आणि दाढ काढली तरी ती थांबत नाही. थोड्या जणांना मनोविकारतज्ज्ञांनी बायपोलर आजारासाठी ही गोळी दिलेली असते.

गोळी जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी १९५३ साली ती पहिल्यांदा तयार केली आणि १९६०च्या दशकात ती वापरात आली. स्वस्त आहे, गुणकारी आहे. चेहऱ्याच्या त्या कळेसाठी डॉक्टर आजही आधी हिचाच विचार करतात. तोंड उघडायला घाबरणारी माणसं दोन दिवसांत भाकरी चावताना मी पाहिली आहेत, त्यामुळे या गोळीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिच्या तीन गोष्टी घरच्यांना माहीत असायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं. अंगावर उठणारं पुरळ, रक्तातलं उतरणारं सोडियम आणि दुसऱ्या औषधांशी होणारी झटापट. यातलं बरंचसं पहिल्या दोन महिन्यांत घडतं, आणि घडण्याआधी खुणा दिसतात. अडचण एवढीच, की त्या खुणा दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर खपून जातात.

डोळे आले, तोंड आलं, ताप आला

एका संध्याकाळी एक आई आली. "ताई, मुलाचे डोळे आलेत, ड्रॉप्स द्या." आदल्या दिवशी तिनेच तोंड आल्याची जेल नेली होती. त्याच्या आधी तापाची गोळी. मी सहज विचारलं, बाकी काही औषध चालू आहे का त्याला? मुलगा बावीस वर्षांचा, एकदा आकडी येऊन गेली म्हणून बारा दिवसांपूर्वी कार्बामाझेपिन सुरू झालेलं. "आणि अंगावर पित्त उठलंय थोडं, आमसुलाचं पाणी लावलं," ती म्हणाली.

मी मोबाईलवर फोटो मागवला. छातीवर लाल चट्टे होते, मधोमध काळपट, आणि काखेजवळ एक फोड. विचारलं, खाजतंय की दुखतंय? तिने फोन लावला. मुलगा म्हणाला, शर्ट घासला तरी आग होते. मी तिला ड्रॉप्स दिले नाहीत. आज रात्रीची गोळी द्यायची नाही, गोळ्यांची पट्टी बरोबर घ्यायची आणि आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला जायचं, हे सांगितलं.

डोळे, तोंड आणि ताप ही तीन वेगळी दुखणी नव्हती. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाच्या एकाच आजाराची ती तीन तोंडं होती. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच त्वचेच्या पेशी मारू लागते. वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, भाजल्यासारखा निघून येतो. डोळे, तोंड, लघवीची जागा या ओल्या त्वचेच्या जागांवर हल्ला होतो, म्हणून डोळे लाल होतात आणि तोंडाला जखमा होतात. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी त्वचा सुटली तर हे नाव. तीस टक्क्यांहून जास्त सुटली, तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस म्हणतात, आणि त्यात साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. मुलगा सोळा दिवस दवाखान्यात होता. वाचला. डोळे मात्र कोरडे राहिले, अजूनही दिवसातून चारपाच वेळा अश्रूंसारखे थेंब घालावे लागतात.

आता घाबरवण्यासाठी नाही, तर फरक कळावा म्हणून सांगते. कार्बामाझेपिन घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांच्या अंगावर काही ना काही पुरळ उठतं आणि त्यातलं बहुतेक साधं असतं. बारीक लालसर पुटकुळ्या, सपाट, खाजणाऱ्या. ताप नाही, तोंड स्वच्छ, डोळे स्वच्छ. गोळी थांबवली की ते ओसरतं. घातक प्रकार फार विरळा आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत दहा हजार नव्या रुग्णांत एक ते सहा, आणि आशियातल्या काही देशांत त्याच्या जवळपास दहापट. म्हणजे तिथेही हजारात काही जण. पण सुरुवातीच्या दिवशी साधं कोणतं आणि घातक कोणतं हे नेहमी सांगता येतंच असं नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत अंगावर काहीही उठलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. खाजेपेक्षा वेदना जास्त असेल, ताप असेल, डोळे किंवा तोंड धरलं असेल, फोड असतील, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठायचा.

आकडीच्या रुग्णाच्या घरचे इथे हमखास विचारतात, "गोळी बंद केली आणि फिट आली तर?" प्रश्न बरोबर आहे. एरवी आकडीची गोळी स्वतःहून कधीच तोडू नये, त्याने एकामागून एक फिट्स येऊ शकतात. पण वर सांगितलेली खूण असेल तर गोळी पोटात जाणं हाच मोठा धोका असतो. फिट थांबवायला दवाखान्यात दुसरी औषधं आहेत, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटाम, जी अशा वेळी लगेच देता येतात. म्हणून गोळी थांबवून घरी बसायचं नाही, गोळी थांबवून दवाखान्यात जायचं.

बहुतेक वेळा हा प्रकार चौथ्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत सुरू होतो. याचा एक चुलतभाऊ आहे, ड्रेस नावाचा. तो जरा उशिरा येतो, दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. त्यात ताप, सुजलेला चेहरा, मानेत गाठी, पुरळ, आणि आतून यकृताला सूज. चेहरा सुजला की मला तो आठवतो. उलट जो माणूस पाच वर्षं ही गोळी व्यवस्थित घेतोय, त्याच्या अंगावर आज काही उठलं तर ते या गोळीमुळे असण्याची शक्यता फार कमी.

आणि एकदा असं झालं, की ती गोळी आयुष्यात परत नाही. हे वाक्य सोपं वाटतं, पण आपल्याकडे एकच औषध दहा नावांनी विकलं जातं. नाव वेगळं, डबी वेगळी, आतला माल तोच. त्यामुळे ब्रँडचं नाव नव्हे तर 'कार्बामाझेपिन' हा शब्द लक्षात ठेवायचा, आणि आधार कार्डाच्या मागे चिठ्ठी लावल्यासारखा कायम जवळ ठेवायचा. त्याबरोबर ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन ही नावंही लिहायची. त्यातल्या पहिल्या तिघांची घडण हिच्याशी मिळतीजुळती आहे आणि चौथ्याच्या बाबतीतही पुरळाचा धोका असतो. त्यामुळे एकाने अंगावर उठलेल्याला दुसऱ्यानेही उठू शकतं.

तैवानमधले चव्वेचाळीस रुग्ण

हा आजार कोणालाही कधीही होतो, नशिबाचा भाग आहे, असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात एक छोटा निबंध छापला आणि ते चित्र बदललं. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले हान चिनी वंशाचे ४४ रुग्ण त्यांनी तपासले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत एचएलए-बी १५:०२ नावाचा एक जनुकाचा प्रकार सापडला. हीच गोळी निर्धोकपणे घेणाऱ्यांत तो फक्त तीन टक्क्यांत होता. औषधशास्त्रात इतका सरळ संबंध क्वचितच दिसतो.

हे एचएलए म्हणजे काय? आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर छोटे तबकासारखे रेणू असतात. पेशीच्या आत काय शिजतंय त्याचा नमुना त्या तबकात ठेवून ती बाहेर गस्तीवर असलेल्या टी-पेशींना दाखवते. नमुना घरचा असेल तर टी-पेशी पुढे जाते. परका असेल, समजा विषाणूचा तुकडा, तर ती पेशीच मारून टाकते. तबकांचे घाट माणसागणिक वेगळे असतात, अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून. १५:०२ या घाटाच्या तबकात कार्बामाझेपिनचा रेणू नेमका बसतो. मग स्वतःचीच त्वचेची पेशी टी-पेशीला परकी दिसते, आणि काही लोकांत त्या टी-पेशी विषारी प्रथिनं सोडून त्वचा मारत सुटतात. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाच बाजूने हा प्रकार आला तरी पुरतो. म्हणून एका भावंडात तो सापडला तर सख्ख्या भावंडांत असण्याची शक्यताही मोठी असते.

हा प्रकार जगभर सारखा पसरलेला नाही. हाँगकाँग, थायलंड, मलेशिया, फिलिपिन्सचा काही भाग इथे पंधरा टक्क्यांहून जास्त लोकांत आढळतो. तैवानमध्ये सुमारे दहा, उत्तर चीनमध्ये चार, जपान आणि कोरियात एकाहून कमी. युरोपीय वंशात जवळजवळ नाहीच. आणि आपल्याकडे? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या माहितीपत्रकात भारतीयांसह दक्षिण आशियाई लोकांसाठी सरासरी दोन ते चार टक्के, काही समूहांत जास्त, असं दिलेलं आहे. हे 'काही समूहांत' दोन शब्द महत्त्वाचे आहेत. भारत ही एक जात नाही. शेकडो समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्न करत आलेत, त्यामुळे एका समाजातला आकडा शेजारच्या समाजाला लागू होईलच असं नाही. आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून हे कळत नाही, त्याला तपासणीच लागते. आपल्या लोकांत हा संबंध खरा आहे का, याचा एक लहानसा पुरावा २००९मध्ये गुजरातच्या संशोधकांनी दिला. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या आठ रुग्णांपैकी सहांत १५:०२ होता. आकडा छोटा आहे, पण तो सहातल्या प्रत्येकाच्या भाजलेल्या त्वचेचा आकडा आहे.

युरोपीय, जपानी आणि कोरियन लोकांत एचएलए-ए ३१:०१ नावाचा दुसरा प्रकार हिच्या पुरळाशी आणि विशेषतः ड्रेसशी जोडलेला आढळतो. तो भारतीयांतही असतो. म्हणजे धोक्याचं तबक एकच नाही.

अमेरिकेने डिसेंबर २००७मध्ये गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापला, की ज्यांचे पूर्वज हा प्रकार आढळणाऱ्या भागातले आहेत त्यांची गोळी सुरू करण्यापूर्वी तपासणी करा. तैवानमध्ये तेवीस रुग्णालयांनी मिळून ४८७७ जणांची आधी तपासणी केली, ज्यांच्यात १५:०२ सापडला त्यांना दुसरं औषध दिलं, आणि बाकीच्यांना कार्बामाझेपिन. एरवीच्या हिशोबाने दहाएक जणांना स्टीव्हन्स-जॉन्सन व्हायला हवं होतं. एकालाही झालं नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. सिंगापूरमध्ये २०१३पासून आशियाई वंशाच्या नव्या रुग्णांसाठी ही तपासणी नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे. त्यामुळे तिथे नोकरीला असलेल्या आपल्या मराठी माणसाला गोळीआधी रक्ततपासणी सांगितली, तर आश्चर्य वाटायला नको.

तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते, रक्त किंवा गालाच्या आतला फाया पुरतो. आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये होते, काही हजार रुपये लागतात आणि निकालाला काही दिवस जातात. ज्याला आकडी आल्यामुळे आजच औषध हवंय त्याला डॉक्टर म्हणूनच आधी वेगळं औषध सुरू करतात. माझं मत विचाराल तर, जिथे घाई नाही आणि पैसे परवडतात तिथे डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारायला संकोच करू नये. अनेक वर्षं गोळी सुखाने घेत असलेल्याला मात्र ती करायची गरज नाही.

निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना गोळी घेतली तरी तो आजार होत नाही. तरीही टाळायचं, कारण दुसरी औषधं आहेत आणि उरलेल्या थोड्यांची किंमत फार मोठी आहे. निगेटिव्ह आलं तर धोका खूप घटतो, संपत नाही. हाँगकाँगने एक धडा शिकवला. तिथे २००८पासून तपासणी सुरू झाली, कार्बामाझेपिनमुळे होणारा आजार जवळजवळ थांबला. पण अनेक डॉक्टरांनी तपासणीची वाट न पाहता फेनिटॉइनच लिहायला सुरुवात केली आणि त्याच्यामुळे होणारे रुग्ण वाढले. एकूण बेरीज फारशी बदलली नाही. म्हणूनच 'ती गोळी नको, दुसरी द्या' एवढं पुरत नाही. दुसरी कोणती, हेही विचारावं लागतं.

अळणी आमटी

आता सोडियम. इथे वय महत्त्वाचं. आमच्या ओळखीतल्या एक काकू, अडुसष्ट वर्षांच्या. उजव्या गालात कळ. सुरुवातीला १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, मग दोनशेची दोनदा, मग तीनदा. कळ सत्तर टक्के गेली. पण खाताना अजून भीती वाटायची, म्हणून त्या पेज, ताक, शहाळं आणि चहावर राहायच्या. "गरम औषध आहे, पाणी भरपूर प्या," असं शेजारणीने सांगितलं होतं. बीपीसाठी सात वर्षांपासून एक गोळी होती, जिच्या नावाच्या शेवटी 'एच' होता.

अठराव्या दिवशी सून आली. "आई सारख्या झोपतात. मळमळतं म्हणतात. काल कुकरला फ्रिज म्हणाल्या." घरच्यांना वाटलं, वय झालं, शिवाय गोळीने गुंगी येतेच. गुंगी येते हे खरं. पण गुंगी पहिल्या आठवड्यात जास्त असते आणि मग कमी होत जाते. ही उलट वाढत चालली होती. रक्त तपासलं तर सोडियम १२१. सामान्य १३५ ते १४५.

हे का होतं, ते स्वयंपाकघरातूनच कळेल. आमटी अळणी होण्याची दोन कारणं असतात. एक तर मीठ कमी पडलं, नाहीतर पाणी जास्त झालं. कार्बामाझेपिन दुसरा प्रकार करतं. शरीरात पाणी राखून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक असतं, एडीएच. ही गोळी मूत्रपिंडावर त्याचा जोर वाढवते, म्हणजे लघवीवाटे जायला हवं ते पाणी आतच राहतं. मीठ तेवढंच, पाणी जास्त. काकूंच्या बीपीच्या गोळीतला तो 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, जे लघवीतून मीठ बाहेर काढतं. क्लोरथॅलिडोनही तेच करतं. म्हणजे एका गोळीने पाणी अडवलं आणि दुसरीने मीठ सोडलं. त्यात पेज आणि चहा. मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी बाहेर टाकायलाही अन्नातून आलेलं मीठ आणि प्रथिनं लागतात. नुसत्या पातळ खाण्यावर ते येत नाहीत. वर भरपूर पाणी. चारही बाजूंनी आमटी अळणी.

सोडियम उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. डोकं जड होणं, मळमळ, तोल जाणं, शब्द चुकणं, मग ग्लानी आणि शेवटी फिट. आकडीच्या रुग्णाला इथे एक क्रूर चकवा बसतो. फिट आली म्हणजे डोस कमी पडतोय, असं वाटून डोस वाढवला जातो. सोडियम आणखी उतरतं आणि फिट्स आणखी वाढतात. म्हणून नियंत्रणात असलेल्या माणसाला अचानक फिट आली तर आधी सोडियम बघायला हवं. ते साध्या लॅबमध्ये होतं.

घरचे मला म्हणाले, मिठाचं पाणी पाजू का? नाही. आमटीत पाणी जास्त झालंय, त्यात मीठ ओतून काम होत नाही, आणि बीपीच्या माणसाला ते बरंही नाही. शिवाय उतरलेलं सोडियम घाईने वर आणणं धोक्याचं. मेंदूने कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं, ते भर्रकन वाढलं तर मज्जातंतूंवरचं आवरण खराब होऊ शकतं आणि ते नुकसान कायमचं असू शकतं. म्हणून डॉक्टर चोवीस तासांत आठदहापेक्षा जास्त चढू देत नाहीत. काकूंना भरती केलं, थायझाइडची गोळी बंद केली, पाणी मोजून दिलं, कार्बामाझेपिनचा डोस कमी केला आणि जोडीला गॅबापेंटिन दिलं. १२१चं दुसऱ्या दिवशी १२७, चौथ्या दिवशी १३३. कुकरला कुकर म्हणू लागल्या. इथे कोणी ऑक्सकार्बाझेपिनवर जाऊया म्हटलं असतं तर ते आगीतून फुफाट्यात झालं असतं, कारण त्यात सोडियम हिच्याहूनही जास्त उतरतं.

साठी ओलांडलेल्या, लघवी जास्त होण्याची किंवा नैराश्याची गोळी घेणाऱ्या माणसाचं सोडियम मी म्हणते गोळी सुरू करण्याआधी एकदा, आणि मग दोनचार आठवड्यांनी पुन्हा तपासलेलं बरं. डोस वाढला की परत. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला याची एवढी काळजी नाही.

गिरणीची गोष्ट

काकूंच्या बीपीची गोष्ट इथे संपली नाही. थायझाइड बंद झाल्यावर त्यांना ॲम्लोडिपिन दिलं. महिनाभराने बीपी वरच. गोळी चुकत नव्हती. कारण होतं कार्बामाझेपिन.

यकृतात औषधं दळून निकामी करणाऱ्या गिरण्या असतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या गिरणीचं नाव सीवायपी ३ए४, आणि आपल्या दुकानातली जवळपास निम्मी औषधं तिथेच दळली जातात. कार्बामाझेपिन शरीरात गेलं की यकृत अशा आणखी गिरण्या उभ्या करतं. मग तिथे येणारं प्रत्येक धान्य झपाट्याने दळलं जातं. ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, ॲपिक्सबॅन आणि रिव्हरॉक्सबॅन, सगळ्यांचा असर घटतो. कार्बामाझेपिन स्वतःही तिथेच दळलं जातं, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांनी त्याच डोसची रक्तातली पातळी उतरते. चौथ्या आठवड्यात कळ परत आली तर औषध 'सवयीचं' झालेलं नसतं, गिरण्या वाढलेल्या असतात.

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल थांबून सांगायला हवं, कारण हे मुली विचारायला लाजतात आणि कोणी सांगतही नाही. माला-डीसारख्या गोळ्या या औषधाबरोबर भरवशाच्या राहत नाहीत, तातडीची ७२ तासांची गोळीसुद्धा कमी पडते. आणि कार्बामाझेपिन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. कॉपर-टी मात्र यकृतावर अवलंबून नसते. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईवडिलांनी ही गोळी लपवून ठेवण्यापेक्षा तिला डॉक्टरांकडे नेऊन हे बोलावं, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावं.

उलटही घडतं. काही औषधं गिरणीच बंद पाडतात, आणि मग न दळलेलं कार्बामाझेपिन रक्तात साठतं. रक्तातली पातळी साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. आमचा एक नेहमीचा ग्राहक, चाळिशीचा रिक्षावाला, वर्षानुवर्षं दिवसाला ८०० मिलिग्रॅमवर स्थिर. छातीत कफ झाला, कुठेतरी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, एका रस्त्याचे दोन दिसतायत," आणि काउंटरचा कठडा धरून उभा राहिला. पातळी १७ आली. ॲन्टिबायोटिक बदललं, दोन दिवसांत रस्ता एक झाला. दोन दोन दिसणं, झिंगल्यासारखी चाल, उलट्या ही पातळी चढल्याची खूण आहे. एरिथ्रोमायसिन, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, हृदयासाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हीसुद्धा असंच करतात. अॅझिथ्रोमायसिनने सहसा होत नाही. क्षयरोगाच्या उपचारात तर आयसोनियाझिड पातळी चढवतं आणि रिफॅम्पिसिन गिरण्या वाढवून ती उतरवतं. तेव्हा क्षयाची औषधं सुरू करताना आकडीची गोळी सांगायलाच हवी.

गिरण्या बंद व्हायलाही वेळ लागतो, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. वॉरफरिन घेणाऱ्या एका काकांची कार्बामाझेपिन डॉक्टरांनी हळूहळू थांबवली, कारण चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन होऊन कळ गेली होती. वॉरफरिनची गोळी तीच राहिली, दिवसाला ८ मिलिग्रॅम. मी त्यांना दर आठवड्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, करायला सांगितलं होतं. आकडा जेवढा मोठा, तेवढं रक्त पातळ. पहिल्या आठवड्यात २.६, दुसऱ्यात ३.४. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि आयएनआर ४.८. यकृतातल्या जास्तीच्या गिरण्या एव्हाना बंद पडल्या होत्या. डॉक्टरांनी दोन दिवस वॉरफरिन थांबवली आणि मग ५ मिलिग्रॅमवर आणली. आता ते महिन्यातून एकदा येतात, आणि येताना आयएनआरचा कागद न मागताच काउंटरवर ठेवतात.